लवकर संपणारे कॉल
तक्रारींच्या रांगेवर बसणाऱ्याचा थकवा आकड्यांत उशिरा दिसतो. सुरुवातीला उलट कॉल लवकर संपू लागतात, कारण माणूस ऐकणंच कमी करतो. मग तीच तक्रार पुन्हा उघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची जी लक्षणं सांगितली, त्यांत थकव्यासोबत कामाविषयीचा हा दुरावाही आहे. ‘थकतात तर सगळेच’, हे खरं. पण साधा थकवा सुट्टीत उतरतो. सुट्टीनंतरच्या पहिल्याच कॉलला चीड येते आणि दोन-तीन आठवडे असंच चालतं, तेव्हा बोलावं. टीम लीडरला नुसतं ‘जमत नाही’ म्हणण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या तक्रारी दाखवून रोज तासभर रांगेबाहेरचं काम मागावं. कामचुकार ठरण्याची भीती काही खोटी नाही. म्हणूनच मूल्यमापनाच्या बैठकीआधी, आणि ईमेलवर लेखी मागावं.