नकाराचा हक्क

साहित्यिकांच्या बैठकीत संपादनाचा विषय निघाला की दोन पक्ष हमखास पडतात. एक म्हणतो, मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, विरामचिन्हे नीट करावीत आणि हात आखडता घ्यावा. त्यापुढे वाक्याला हात लागला की ते लेखन लेखकाचे राहत नाही. दुसरा म्हणतो, पुस्तक चांगले झाले ना? लेखकाने मान्यता दिली ना? मग आत कोणाची कात्री चालली याची चौकशी कशाला? पहिला पक्ष बाणेदार वाटतो आणि दुसरा व्यवहारी. मला दोन्ही चुकीचे वाटतात. पहिला पक्ष मदतीचे माप घेतो, दुसरा फळ पाहतो, आणि बदलाचा निर्णय कोणी घेतला हे दोघेही विचारत नाहीत.

माप घेणाऱ्यांपासून सुरुवात करू. विसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्यात जवळजवळ सारख्याच मापाच्या काटछाटीची दोन प्रसिद्ध उदाहरणे आहेत. टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता 1922 साली प्रसिद्ध झाली. तिचा खर्डा एझरा पाउंडने तपासला आणि तो जवळजवळ अर्ध्यावर आला. दुसरे उदाहरण रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचे. 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' हा त्याचा सतरा कथांचा संग्रह 1981 साली क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने काढला. तिथला संपादक गॉर्डन लिश याने मूळ हस्तलिखिताचा निम्म्याहून अधिक मजकूर काढून टाकला होता. म्हणजे इथेही निम्मे आणि तिथेही निम्मे. तरी 'द वेस्ट लँड' एलियटची याबद्दल आज कोणाला शंका नाही, आणि कार्व्हरच्या त्या संग्रहाबद्दल मात्र 1998 पासून वाद पेटलेला आहे. लिशचे कागद इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात गेले, डी. टी. मॅक्स या पत्रकाराने ते तपासून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत लेख लिहिला, आणि तेव्हापासून कार्व्हरची शैली नेमकी कोणाची हा प्रश्न मिटलेला नाही. टक्केवारीच कसोटी असती तर दोन्ही प्रकरणांचा निकाल एकच लागायला हवा होता.

एलियटचे काय झाले ते बघा. पाउंडने समासात शेरे मारले, ओळीच्या ओळी खोडल्या. पोपच्या धर्तीवर यमकबद्ध द्विपदींत लिहिलेला एक लांबलचक भाग त्याने उडवला. बुडालेल्या खलाशाचा चौथा भाग तर जेमतेम दहा ओळींवर आला. एवढी छाटणी झाल्यावर एलियटने विचारले की या उरलेल्या ओळीही काढू का, तर पाउंडने ठामपणे नको म्हणून कळवले. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे दुसऱ्या भागातल्या संवादात एलियटची पत्नी व्हिव्हिएन हिने सुचवलेली एक ओळ जशीच्या तशी आहे. शुद्धतावाद्यांच्या हिशेबाने हे तर दुसऱ्याचे लेखन उचलणेच झाले! पण मुळात या सूचना होत्या. हस्तलिखित एलियटच्या हातात होते, पाउंड त्याचा मित्र होता, प्रकाशक नव्हता. सूचना फेटाळली तर कविता छापायची राहील अशी भीती नव्हती. पुढे एलियटने कविता पाउंडला अर्पण केली आणि तो आपल्याहून सरस कारागीर असल्याचे त्या अर्पणपत्रिकेतच उघडपणे मान्य केले. मूळ खर्डा पाउंडच्या शेऱ्यांसह 1971 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कवीची अब्रू गेली नाही.

आता कार्व्हर. 1970च्या दशकात 'एस्क्वायर' मासिकाचा कथासंपादक असताना लिशने कार्व्हरला पुढे आणले. त्या काळात लिशने केलेल्या दुरुस्त्यांबद्दल कार्व्हरने त्याचे आभार मानलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. 1977च्या जूनमध्ये कार्व्हरने दारू सोडली, हळूहळू तो पुन्हा लिहिता झाला आणि 1980च्या वसंतात त्याने नव्या कथांचे बाड लिशकडे दिले. लिशने त्यावर दोनदा हात फिरवला. दुसऱ्या फेरीनंतर टंकून आलेली प्रत कार्व्हरने मूळ प्रतीशी ताडून पाहिली, रात्र जागून काढली आणि 8 जुलै 1980 रोजी सकाळी लिशला लांबलचक पत्र लिहिले. पुस्तकाचे काम थांबवा, ही त्याची विनवणी. टेस गॅलघर, रिचर्ड फोर्ड, टोबायस वुल्फ अशा स्नेह्यांनी या कथा मूळ रूपात वाचलेल्या होत्या. त्यांना काय सांगायचे, हा त्याला पडलेला प्रश्न. आणि या कथा आपल्या सावरण्याशी इतक्या जोडलेल्या आहेत की त्या अशा छापल्या गेल्या तर आपण पुन्हा लिहू शकणार नाही, हे भय. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने माघार घेतली आणि पुस्तक लिशने ठरवल्याप्रमाणे निघाले.

कापले काय होते? 'अ स्मॉल, गुड थिंग' ही कथा घ्या. एका मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगितलेला असतो. त्याच दिवशी मोटारीची धडक बसून मुलगा रुग्णालयात जातो आणि न नेलेल्या केकसाठी बेकरीवाला घरी फोन करत राहतो. कार्व्हरच्या कथेत मुलगा दगावतो, संतापलेले आईबाप रात्री बेकरीत जाऊन त्या माणसाला जाब विचारतात, तो त्यांना बसवतो, माफी मागतो, गरम पाव खायला घालतो आणि तिघे पहाटेपर्यंत बोलत राहतात. लिशने या कथेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढला आणि तिला 'द बाथ' असे नाव दिले. त्यात मुलाचे काय झाले ते कळत नाही, बेकरीतली भेट नाही. आई घरी येते, फोन वाजतो आणि कथा संपते. ही भाषेची साफसफाई म्हणता येणार नाही. एका कथेत दुःखात माणसे एकमेकांपर्यंत पोचतात, दुसरीत पोचत नाहीत. जगाकडे पाहायची दृष्टीच बदलली, आणि ती बदलण्याचा निर्णय कथा लिहिणाऱ्याने घेतला नव्हता.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो. ते म्हणतात, पण 'द बाथ' अधिक धारदार आहे! आणि या संग्रहानेच कार्व्हरला मोठे केले. मितभाषी कथेचा अध्वर्यू ही त्याची ख्याती याच पुस्तकाने झाली. ख्यातीची गोष्ट खरी आहे. धारेबद्दल रसिकांत मतभेद आहेत. 'द बाथ' वाचून अंगावर काटा येतो हे मीही नाकारत नाही. पण कृती सरस आहे का आणि ती कोणाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की जो अधिक हुशार तोच लेखक ठरेल, आणि मग लिशचे नाव मुखपृष्ठावर का नव्हते याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. उलट बाजूही पाहा. कार्व्हरने ती कथा मूळ वळणावर परत नेऊन 'कथीड्रल' या 1983च्या संग्रहात घातली. त्याच वर्षी तिला ओ. हेन्री पुरस्कारात पहिले स्थान मिळाले. गुणवत्तेचा दाखला दोन्हीकडून काढता येतो, म्हणून तो या वादात निरुपयोगी आहे.

राहिला 'मान्यता दिली ना' हा मुद्दा. तो अधिक वजनदार आहे, कारण कार्व्हरने शेवटी मान्यता दिलीच होती. पण ती कोणत्या अवस्थेत? समोरचा माणूस त्याचा एकमेव मोठा आधार होता, प्रकाशनाचा दरवाजा त्याच्याच हातात होता, आणि दारू सोडून जेमतेम तीन वर्षे झालेल्या माणसाला ते सगळे गमावायचे नव्हते. अशा वेळी मिळालेला होकार करारापुरता चालेल, कर्तृत्व ठरवायला तो पुरत नाही. तरी कार्व्हर निव्वळ बळी होता असे मी म्हणणार नाही. त्याने कौतुक घेतले, आणि कात्री कोणाची होती हे वाचकांना कधी उघड सांगितले नाही.

माझा पक्ष असा. बदल कितीही मोठा असो, लेखकाला तो दिसला पाहिजे, नाकारायला त्याच्याकडे वेळ आणि ताकद पाहिजे, आणि ठेवला तर का ठेवला हे त्याला सांगता आले पाहिजे. या अटी पुऱ्या झाल्या तर अर्धी कविता गेली तरी ती कवीचीच. नाही झाल्या तर एका शब्दाची दुरुस्तीही जाचक ठरते. या कसोटीला कार्व्हरच्याच उत्तरायुष्यातून पुष्टी मिळते. 'कथीड्रल'च्या वेळी त्याने लिशला तसली शस्त्रक्रिया पुन्हा चालणार नाही असे लिहून कळवले. पुढे 1988 साली, मृत्यूच्या वर्षी, निवडक कथांचे पुस्तक करताना त्याने काही कथा मूळच्या लांब वळणाने घेतल्या, पण 1981च्या संग्रहाची नामकथा मात्र लिशच्या काटछाटीसह ठेवली. आता तो नामवंत होता आणि त्याला कोणी अडवणारे नव्हते. त्या कथेतली प्रत्येक खोड लिशची असेल, पण 1988 साली ती ठेवण्याचा निर्णय कार्व्हरचा, म्हणून त्या दिवसापासून मी ती त्याचीच मानतो. 'द बाथ'बद्दल मला असे म्हणता येत नाही. (याच कारणाने 2009 साली 'बिगिनर्स' नावाने छापलेले मूळ बाड हाच 'खरा कार्व्हर' असल्याचा दावाही मला अर्धवट वाटतो. ते पुस्तक तशाच्या तसे छापण्याचा निर्णय त्याने स्वतः कधी घेतला नव्हता.)

मराठीतल्या मुद्रितशोधनाला ही कसोटी लावली की शुद्धतावाद्यांचा 'निरुपद्रवी' भागच आधी धोक्याचा दिसू लागतो. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. तिथे मुद्रितशोधकाने लेखकाला न विचारता दुरुस्ती केली तर बिघडत नाही, कारण लेखकाला काय म्हणायचे होते ते उघड आहे. पण निवेदकच 'म्या म्हनलं' असे बोलत असेल आणि तपासणाऱ्याने त्याचे 'मी म्हटले' केले, तर अक्षरे तीनच बदलतात आणि माणूस बदलतो. उलट 'सत्यकथे'च्या संपादकांनी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी, लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा पुन्हा लिहायला लावल्या. कागदोपत्री तो हस्तक्षेप कितीतरी मोठा. पण पुन्हा लिहिणारा हात लेखकाचाच होता, आणि पटले नाही तर कथा दुसऱ्या मासिकाकडे नेता येत होती. अर्थात 'सत्यकथे'त छापून येण्याचा त्या काळातला दबदबा पाहता दुसरीकडे जाणे सोपे होते असे मी म्हणणार नाही, आणि ज्या लेखकाला ते परवडत नव्हते त्याच्या कथेबद्दल मी हाच प्रश्न विचारीन.

तेव्हा प्रकाशकांकडे माझी मागणी साधी आहे. दुरुस्त्या मिसळून टाकलेली कोरी करकरीत प्रत लेखकापुढे ठेवून 'चार दिवसांत कळवा' म्हणू नये. खोडलेले खोडलेले दिसावे, घातलेले घातलेले दिसावे, वाक्य बदलले असेल तर समासात कारण असावे, आणि लेखकाने 'राहू द्या' लिहिले तर ते राहावे. न पटणारे पुस्तक न छापण्याचा हक्क प्रकाशकाला आहेच. तो त्याने खुशाल वापरावा.