‘शेंदरी’ही बरोबर, ‘गुलाबी’ही बरोबर

संपादक महोदय,

मी शेतीविषयक मजकुराचा मराठी अनुवाद करतो. कामगंध सापळ्यांच्या एका पत्रकात मी एकाच किडीला ‘शेंदरी बोंडअळी’ आणि ‘गुलाबी बोंडअळी’ असे दोन्ही म्हटले, म्हणून ते काम देणाऱ्या कंपनीने ‘यातला एक शब्द चूक आहे, तो काढा’ असा शेरा मारून परत पाठवले. त्यांना दिलेले उत्तर आपल्या सदरात छापावे, कारण हे पत्रक शेवटी आपल्याच वाचकांच्या हाती पडणार आहे.

साहेब, आपला मुद्दा असा की अळीचा रंग गुलाबी असतो आणि शेंदूर तर केशरी. रंगाचे म्हणणे मला मान्य आहे. मागच्या हंगामात आमच्या पोखर्णीच्या शिवारात शेजारच्या काकांनी एक हिरवे बोंड फोडून दाखवले. वरून ते धडधाकट दिसत होते, कारण अळी आत शिरली की शिरल्याचे छिद्र बुजून जाते. आतल्या सरकीत दोन अळ्या होत्या. लहान अळी पांढुरकी होती, तिला गुलाबी म्हणता आले नसते आणि शेंदरीही नाही. मोठीच्या अंगावर मात्र रंग चढला होता. काका म्हणाले, “शेंदरी हाय.” त्यांचा मुलगा म्हणाला, “गुलाबी पडली की हो!” दोघे एकाच अळीबद्दल बोलत होते आणि दोघांनाही एकमेकांचे कळले.

किडीचे नाव म्हणजे रंगाचा नमुना नव्हे. अमेरिकन बोंडअळी मुळात अमेरिकेची नाही. तिलाच हिरवी बोंडअळी म्हणतात, पण ती तपकिरीही सापडते. तरी ही दोन्ही नावे चालतात, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमकी तीच कीड उभी राहते. शेंदरीचेही तसेच आहे. गावोगावच्या मारुतीमुळे शेंदराचा रंग ज्याच्या त्याच्या ओळखीचा, आणि ‘शेंदरी’ हे नाव कापसाच्या मराठी पुस्तिकांतून जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसले आहे. ‘गुलाबी’ हे इंग्रजी नावाचे सरळ भाषांतर आहे. 2017 मध्ये या अळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला, तेव्हा बातम्यांतून ते घरोघर गेले. आज कृषी साहित्यात दोन्ही शब्द आढळतात. एकाला चूक ठरवले, तर पत्रक वाचणाऱ्या निम्म्या लोकांना आपण परके करू.

म्हणून कुठलाही शब्द चालतो असे मात्र नाही. आपल्या कार्यालयातून ‘लाल बोंडअळी’ असाही एक पर्याय सुचवला गेला, तो मी ठामपणे नाकारतो. कपाशीवर लाल ढेकूण ही वेगळी कीड असते आणि पाने लाल पडण्याला ‘लाल्या’ म्हणतात. तिथे तिसरे ‘लाल’ घातले की घोटाळा होणारच. नुसते ‘बोंडअळी’ म्हणूनही भागत नाही. आपल्या सापळ्यातली गोळी, म्हणजे गॉसिप्लूर, फक्त याच अळीच्या नर पतंगांना ओढते. हिरव्या बोंडअळीची गोळी वेगळी असते. चुकीची गोळी लावली तर या किडीचे पतंग सापळ्यात येत नाहीत. शेतकरी समजतो की कीड नाही, आणि बोंडे आतून पोखरली जात राहतात.

आपल्याच पत्रकात लिहिले आहे की हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्यावा. हा हिशेब योग्य गोळीवरच उभा आहे. दोन शब्दांना माझी कसोटी एवढीच, की दोन्ही वाचून शेतकरी दुकानातून तीच गोळी आणतो का? ‘शेंदरी’ आणि ‘गुलाबी’ या कसोटीला उतरतात, ‘लाल’ उतरत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून न उमललेल्या फुलाला मी ‘डोमकळी’ हा एकच शब्द ठेवला आहे, कारण शिवारात त्याला दुसरे नाव मी ऐकलेले नाही.

आपल्या तक्रारीतला एक भाग खरा आहे आणि ती चूक माझी. एका परिच्छेदात शेंदरी, पुढच्यात गुलाबी, असे मी आलटून पालटून लिहायला नको होते. वाचणाऱ्याला त्या दोन निराळ्या अळ्या वाटू शकतात. सुधारित प्रतीत पहिल्या उल्लेखाला ‘गुलाबी (शेंदरी) बोंडअळी’ असे आणि पुढे सगळीकडे ‘गुलाबी बोंडअळी’ असे केले आहे. गोळीच्या पाकिटावर दोन्ही नावांखाली पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे शास्त्रीय नाव छापावे, म्हणजे दुकानदारालाही शंका उरणार नाही.

पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने सापळे लागतात. पत्रक त्याआधी शेतकऱ्याच्या हाती पडायला हवे. तेव्हा कंसातला ‘शेंदरी’ न खोडता प्रत छपाईला सोडावी, ही विनंती.

— एक अनुवादक, पोखर्णी, जि. परभणी