पावडर पाच वेळा लावूनही चेहरा तेलकटच!

मैत्रिणींनो, सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. त्या नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात विक्रीचं काम करतात. सकाळी साडेदहाला गल्ल्यासमोर उभं राहायचं ते रात्री आठ वाजेपर्यंत. सणासुदीची गर्दी, दिव्यांचा उजेड आणि डोक्यावर नुसता पंखा. "दिवसातून पाच वेळा कॉम्पॅक्ट लावते, तरी चारच्या सुमारास नाक चकाकतं आणि गालांवर पिठाचे डाग दिसू लागतात. मालक म्हणतात, गिऱ्हाईक आधी तुमच्या तोंडाकडे बघतं. आता दुकानदाराने प्रायमर आणि सेटिंग स्प्रेही गळ्यात मारला आहे. पगारातले पैसे गेले, उपयोग काही नाही. माझं चुकतंय कुठं?" असा त्यांचा प्रश्न होता.

सोलापूरला दमट हवा कुठली, असं कुणी म्हणेल. एप्रिल-मे महिन्यांत तिथली हवा कोरडी असते, घाम आला तरी चटकन उडून जातो. पण जूनपासून पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरात तर तो तिथे जोर धरतो. तेव्हा घाम उडत नाही, चेहऱ्यावरच साचून राहतो. त्यात उकाड्याने त्वचेतलं तेलही अधिक सुटतं. म्हणजे उन्हाळ्यात ज्या प्रसाधनावर दिवस निभतो, तेच पावसाळ्यात दुपारीच उतरू लागतं.

आता मूळ चूक कुठे होते ते पाहा. कॉम्पॅक्टमध्ये शंखजिरं, अभ्रक, काहींत सिलिका अशा बारीक भुकट्या दाबून बसवलेल्या असतात. त्या तेल शोषतात, पण ते सुटायचं थांबवत नाहीत. सोलापूरचा टॉवेल पाणी छान टिपतो. पण तो पुरता भिजल्यावर त्याच्यावर दुसरा टॉवेल टाकून अंग कोरडं होतं का? आधी भिजलेला बाजूला करावा लागतो. चेहऱ्यावरही तसंच आहे. तेलाने भिजलेल्या पावडरीवर नवी पावडर थापली, की दोन्हींचा लगदा होतो, त्याचे थर पडतात आणि ओली पावडर गडद दिसत असल्यामुळे चेहरा काळवंडल्यासारखा वाटतो. म्हणून पहिला नियम हा, की आधी टिपायचं, मग लावायचं.

टिपण्यासाठी साधा टिश्यू पेपर चालतो. त्याचे पापुद्रे सुटे करून एकच पातळ पापुद्रा घ्या. कपाळ, नाक आणि हनुवटी यांवर तो ठेवून बोटाने नुसता दाबा आणि उचला. घासू नका, आणि पदराने तर मुळीच पुसू नका. घासलं की तेलाबरोबर खालचं प्रसाधनही निघतं. कागदावर डाग उमटेनासा झाला, की मगच पफ हाती घ्यायचा आणि तोही दाबत न्यायचा, फिरवायचा नाही. नाक आणि कपाळाखेरीज इतरत्र बहुधा गरज नसते.

प्रायमरचं काम निराळं. तो त्वचेवर एक गुळगुळीत पातळ थर देतो, त्यामुळे रोमछिद्रं भरल्यासारखी दिसतात आणि वरचं प्रसाधन धरून राहतं. या भगिनी चेहराभर सढळ हाताने चोळत होत्या. मटाराच्या दाण्याहून कमी प्रायमर पुरे, आणि तोही फक्त नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटीवर. क्रम असा ठेवा: चेहरा धुऊन कोरडा करा, हलकं जेल लावा, दिवसा बाहेर जायचं असेल तर सनस्क्रीन लावा, पाच मिनिटं थांबा, मग प्रायमर, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा, आणि शेवटी पावडर.

थांबायला वेळ दिला नाही, तर बोटाखाली रबर खोडल्यासारख्या बारीक गोळ्या येतात. थांबूनही त्या येत असतील, तर दोन थरांचं आपसांत जमत नाही असं समजावं. प्रायमरच्या वेष्टनावर सुरुवातीलाच डायमेथिकोनसारखं, शेवटी 'कोन' असलेलं नाव दिसलं, तर तो सिलिकोनचा असतो. त्याच्यावर पाण्याचं पातळ फाउंडेशन नीट बसेलच असं नाही. अशा वेळी फाउंडेशन वगळून नुसती पावडर लावून बघा.

सेटिंग स्प्रेने चेहऱ्यावर पातळ पापुद्रा तयार होतो. त्यामुळे पावडर रुमालाला कमी लागते आणि वरून घासली तरी चटकन निघत नाही. पण आतून सुटणारं तेल आणि घाम तो अडवू शकत नाही, ही त्याची मर्यादा. बाटली हलवा, डोळे आणि तोंड मिटा, एक वीतभर दूर धरून तीन-चार फवारे मारा आणि हात न लावता वाळू द्या. फार जवळून मारला, तर थेंब पडून पावडरीवर ठिपके उठतात. गुलाबपाणी म्हणजे सेटिंग स्प्रे नव्हे, त्याचा पापुद्रा होत नाही. केसांचा स्प्रे तर चेहऱ्यावर कधीच मारू नये.

आपल्याला प्रायमरची खरंच गरज आहे का, हे बाटली संपेपर्यंत वाट न बघता एका दिवसात ठरवता येतं. मी या भगिनीला सुचवलं, की एक दिवस नाकाच्या डाव्या बाजूला आणि डाव्या गालावर प्रायमर लावा, उजव्या बाजूला नको. बाकी सगळं सारखं. दुपारी दोन वाजता आणि पाच वाजता आरशात बघा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या कागदांनी टिपा.

पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. नाकाची डावी बाजू दोनपर्यंत बरी राहिली होती, उजवी बारालाच चमकली. गालांवर मात्र काहीच फरक नव्हता. आता प्रायमर त्या नाकापुरताच ठेवतात, म्हणजे एक बाटली दुपटीहून अधिक काळ पुरेल. दीड वाजता आणि पाच वाजता टिपून दोनदाच पावडर लावतात. "वरच्या ओठावरचा घाम काही जात नाही," असंही त्यांनी लिहिलं आहे. ते कुठल्याही बाटलीने जाणार नाही, तिथे रुमाल हाच उपाय!

एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली होती. कॉम्पॅक्टवर काचेसारखी कडक, चकाकणारी साय धरली होती. ते पफवरचं तेल असतं. ती साय धरली, की पफावर पावडर येतच नाही आणि आपण जोर लावून घासत राहतो. चिकटपट्टी हळूच लावून उचलली, की साय निघते. पफ आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, आणि दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

रात्री घरी गेल्यावर चेहरा कितीही थकलेला असो, हे थर उतरवूनच झोपा. आधी मेकअप काढायचं पाणी किंवा क्लेन्झर कापसावर घेऊन पुसा आणि मग सौम्य फेसवॉशने धुवा. चमक दिसते म्हणून दिवसातून चार-पाच वेळा साबण लावू नका. त्वचा ओढते, पण तेल सुटायचं काही थांबत नाही. मुरुमं दुखरी आणि पूवाची येऊ लागली, तर पावडरीने झाकत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.