मामांची मोटार आणि 2.0 चा फेरा

खानापूर तालुक्यातल्या मामांच्या विहिरीवर मी ईएसपी३२ हा वायफायचा छोटा बोर्ड बसवलाय. मोटार चालू-बंद करायचं काम त्याचं. बोर्ड सुरू झाला की आणि पुढे दर तासाला माझ्या सर्व्हरवर नवी आवृत्ती आलीय का पाहतो, असली तर उतरवून घेतो. म्हणजे बेळगावातूनच प्रोग्राम बदलता येतो.

परवा मी "1.10" ठेवली. बोर्डावर "1.9" होती. बोर्ड ढिम्म! मी दोन्ही नावांची तुलना अक्षरांसारखी केली होती, आणि ठिपक्यापुढचा 1 हा 9 पेक्षा लहानच. ठिपक्याच्या अलीकडचा-पलीकडचा आकडा वेगवेगळा मोजायला हवा होता. पण ती तुलना बोर्डातल्या जुन्या प्रोग्रामात. ती घरून कशी दुरुस्त करणार? म्हणून नव्याचं नावच "2.0" केलं. लगेच उतरली.

तासाभरात मामांचा फोन. "अरे, मोटार सात-आठ मिनिटांनी बंद पडतेय. तरवा वाळायला लागला!" मागून शेजारचे अण्णा विचारत होते, "एनात्री?"

सर्व्हरची नोंद पाहिली तर बोर्ड 2.0 पुन्हापुन्हा उतरवत होता. 2.0 मध्ये वायफायचा पासवर्ड मी चुकीचा लिहिला होता!

बोर्डाच्या मेमरीत प्रोग्रामसाठी दोन खोल्या असतात. नवा रिकाम्या खोलीत उतरतो, जुना तसाच राहतो. त्यामुळे उतरवताना वीज गेली तरी बिघडत नाही. नवा पहिल्यांदा चालतो तो कच्चा म्हणूनच. तो पक्का व्हायच्या आत बोर्ड रीसेट झाला, तर बूटलोडर जुन्याकडे परततो. (ही सोय बूटलोडरमध्ये पहिल्यांदा केबलने भरतानाच चालू करावी लागते. ती मी केली होती, नशीब!) पण प्रोग्राम नुसताच वायफायविना चालत राहिला, तर बूटलोडरला काय कळणार? म्हणून 2.0 मध्येच पाच मिनिटांची मुदत घातली होती. तेवढ्यात सर्व्हरशी बोलणं झालं तर पहिली ओळ, नाही तर दुसरी:

```c
esp_ota_mark_app_valid_cancel_rollback();
esp_ota_mark_app_invalid_rollback_and_reboot();
```

पहिली ओळ सुरुवातीलाच लिहिली असती, तर चुकीचा पासवर्ड पक्का होऊन मला लॅपटॉप घेऊन विहिरीवर जावं लागलं असतं. इथे 1.9 सुखरूप परत आली, पण तिला सर्व्हरवर पुन्हा 2.0 दिसली. उतरव, नापास हो, परत ये! दर रीसेटला रिले सुटायचा आणि मोटार थांबायची.

सर्व्हरवरून 2.0 काढली, तेव्हा फेरा थांबला. मामांनी रात्री तरव्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी योग्य पासवर्डाची 2.1 ठेवली. तुलना आता आकड्यांची आहे, आणि उतरवण्याआधी `esp_ota_get_last_invalid_partition()` ने शेवटची नापास आवृत्ती पाहून तीच असेल तर नाकारते. एक अडचण उरतेच. त्या पाच मिनिटांत वीज गेली, तर चांगली आवृत्तीही नापास ठरते. मग तीच नव्या आकड्याने पुन्हा ठेवायची. आमच्याकडच्या विजेचं काय सांगावं, म्हणून मुदत आता दोन मिनिटांवर आणलीय.