भाड्याच्या जलशुद्धियंत्राचा करारनामा
पाणी शुद्ध करणारे यंत्र मासिक भाड्याने घेताना, करारनाम्यातील ‘वर्षातून तीन भेटी विनामूल्य’ या कलमावर विसंबून राहण्यापूर्वी, त्या भेटींत गाळाचा फिल्टर, कार्बन फिल्टर व आरओचा पडदा यांपैकी काय बदलून मिळणार आणि तक्रारीवरून झालेली भेटही त्या तिनांतच मोजली जाणार काय, हे भाडेकरूने लेखी विचारून घ्यावे. समजा, नळाचे पाणी वापरणाऱ्या पुण्यातील एका कुटुंबाने बारा महिन्यांची मुदत, दरमहा 400 रुपये भाडे व 1500 रुपये अनामत या शर्तींवर यंत्र घेतले आणि सातव्या महिन्याअखेर ते बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतीत राहावयास गेले. तर यंत्र काढण्या-बसवण्याचा आकार कोणी भरावयाचा, याहूनही क्षारयुक्त पाण्याने पडदा अकाली निकामी झाल्यास तो कोणाच्या खर्चाने बदलावयाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. यास्तव नव्या घरी पहिल्याच दिवशी टीडीएस मीटरने यंत्रात शिरणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या पाण्याचे आकडे टिपून ठेवावेत. शिरणारे पाणी तसेच असता निघणाऱ्याचा आकडा चढत गेला, तर पडदा तपासण्याची मागणी ठरल्या भेटीची वाट न पाहता करावी. परंतु नव्या ठिकाणी कंपनीची सेवाच नसेल आणि मुदतपूर्व समाप्तीच्या कलमान्वये उरलेले सर्व भाडे देय असेल, तर पाच महिन्यांचे 2000 रुपये होऊन अनामत संपूर्ण बुडते व वर 500 रुपये भरावे लागतात. म्हणून सेवेच्या अभावी होणारी समाप्ती दंडमुक्त राहील, एवढी एक ओळ सहीपूर्वीच लिहून घ्यावी.