शहरात नोकऱ्या वाढल्या, मग बेकारी का घटत नाही?

२०२४ च्या पोलीस भरतीत महाराष्ट्रात सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे साडेसतरा लाख. म्हणजे शंभरात एक. तरीही जाहिरात निघाली की वस्तीवस्तीतली पोरं खोली भाड्याने घेऊन शहरात सरावाला जातात. यावर नेहमीचा शेरा असतो की पोरांना अक्कल नाही, नोकरी मिळणार नाही हे माहीत असून धावतात. हा शेरा चुकीचा आहे. शंभरात एक संधी असली तरी ती कोणत्या पगारासाठी आहे आणि तिच्याऐवजी गावात काय मिळतंय, हे पाहिल्याशिवाय कुणाची अक्कल काढता येत नाही.

अर्थशास्त्रात या हिशोबाला जुना आधार आहे आणि त्याची गोष्ट केनियातली आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९६४ साली, तिथे सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. खासगी मालकांनी कामगार दहा टक्क्यांनी वाढवायचे, सरकारने पंधरा टक्क्यांनी, आणि त्या बदल्यात संघटनांनी वर्षभर पगारवाढ मागायची नाही, संप करायचा नाही. कागदावर करार चोख होता. पण नोकऱ्या वाढणार ही बातमी गावात पोचली आणि नोंदणीच्या रांगेत गावाकडून आलेली माणसंही उभी राहिली. शहरातली बेकारी काही हटली नाही.

मायकेल टोडारो यांनी १९६९ मध्ये आणि जॉन हॅरिस यांच्यासोबत १९७० मध्ये याचं कारण मांडलं. गावातला माणूस शहरातल्या पगाराकडे पाहून निघत नाही. तो पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो. हा गुणाकार गावच्या कमाईपेक्षा मोठा असेल तोवर लोक येत राहतात आणि दोन्ही सारखे झाले की ओघ थांबतो. ओघ थांबतो तेव्हा शहरात बेकार उरलेलेच असतात. तेच समतोलाचं ठिकाण.

आकडे घेऊन पाहू. हे फक्त समजण्यासाठी मानलेले आहेत. गावात महिन्याला ९,००० रुपये सुटतात, शहरातल्या पक्क्या नोकरीत १५,०००. नऊ भागिले पंधरा म्हणजे साठ टक्के. म्हणून शहरात ६० नोकऱ्या असतील तर १०० माणसं येऊन थांबतील, त्यातली ४० बेकार. आता सरकारने ३० नोकऱ्या नव्या काढल्या. आपल्याला वाटतं, बेकार ४० चे १० होतील. पण ९० नोकऱ्यांवर १५० माणसांना यावंसं वाटेल. गावातून आणखी ५० जण येतील आणि बेकार ६० होतील. नोकऱ्या वाढल्या, बेकारही वाढले. याउलट नवी नोकरी एकही न काढता गावची कमाई १२,००० वर नेली, तर त्याच ६० नोकऱ्यांमागे फक्त ७५ माणसं राहतील आणि बेकार १५. शहरातल्या बेकारीवरचा उपाय गावच्या मजुरीत दडलेला आहे, तो इथे.

हे बेकार म्हणजे घरी झोपलेले लोक नव्हेत. कुणी मजूर नाक्यावर सकाळी उभा असतो, कुणी पार्सल पोचवतो, कुणी अभ्यासिकेत बसतो आणि घरून पैसे येतात तोवर तग धरतो. घरची ऐपत जितकी, तितकी वाट पाहता येते.

पण हॅरिस-टोडारोच्या साध्या मांडणीत शहरात आलेल्या प्रत्येकाची शक्यता सारखीच धरलेली असते, जणू नोकऱ्या चिठ्ठ्या टाकून वाटतात. आपल्या समाजाचा अनुभव वेगळा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईत काम मिळे, पण विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती होती. विणकामात पगार जास्त होता. १९२० च्या दशकातल्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणी तीच आणि शहरही तेच, पण गुणाकार दोन वेगळे. हे इतिहासजमा झालं असं म्हणावं, तर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ चा अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी.

वरच्या हिशोबात हे घालून बघा. १५,००० चे साठ टक्के म्हणजे ९,०००, त्याचे दोन-तृतीयांश ६,०००. गावात ९,००० मिळत असताना शहराची अपेक्षा ६,००० ची, तर समीकरणाप्रमाणे आपल्या माणसाने गाव सोडायलाच नको. प्रत्यक्षात तो सोडतो. मग समीकरण खोटं? माझ्या मते नाही, गावाची बाजू अपुरी लिहिली आहे. त्या ९,००० मधून वजा काय होतं ते कुणी लिहीत नाही. मजुरी मागितली म्हणून पडणारा बहिष्कार, पाणवठ्यावरची वागणूक, जयंतीची मिरवणूक कुठून न्यायची यावरून होणारी मारहाण, लग्नाची वरात अडवणं. ज्याला हे सोसावं लागतं त्याच्या लेखी ते ९,००० सहा हजारांचेच असतात. म्हणून तो कमी शक्यतेवरही निघतो आणि म्हणून शहरातल्या बेकारांच्या रांगेत आपली माणसं जास्त काळ उभी राहतात. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्यावर जी टीका केली, ती या वजाबाकीवरच होती.

मात्र त्यांची दुसरी बाजू आपण विसरतो. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी म्हटलं होतं की शेतीवर गरजेपेक्षा जास्त हात अडकून पडले आहेत, ते उद्योगांत गेले पाहिजेत. उद्योग हात सामावून घेतील, ही त्यातली अट. ती अट पुरी न करता नुसतं शहराकडे चला म्हटलं, तर नाका भरतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी जमिनीचा सत्याग्रह उभारला, तो गावातली कमाई वाढवण्याचाच लढा होता. दुसरा सत्याग्रह झाला ते केनियातल्या कराराचंच वर्ष, हा योगायोग.

म्हणून सध्याच्या एका बदलाकडे बारकाईने पाहिलं पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी व्हीबी-जी राम जी कायदा मंजूर केला. शंभर दिवसांची हमी सव्वाशे दिवसांची झाली, ही जाहिरातीतली बाजू. पण पेरणी-कापणीच्या काळात एकूण साठ दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवण्याची तरतूदही त्यात आहे, आणि बहुतेक राज्यांना चाळीस टक्के खर्च उचलायचा आहे. मजुराची भाव करायची ताकद नेमकी पेरणी-कापणीतच असते. पर्यायी काम हाताशी असेल तर तो जमीनदाराला नाही म्हणू शकतो. ते तेव्हाच काढून घेतलं, तर वर्षाचे दिवस वाढूनही हंगामातली मजुरी दबेल. शिवाय राज्याने आपला वाटा भरला नाही तर वाढीव दिवस कागदावर राहतील. आपल्या तालुक्यात हे घडतंय का ते तपासता येतं: किती जॉबकार्डधारकांनी काम मागितलं, किती दिवस दिलं, पैसे किती दिवसांनी खात्यात आले आणि बंद काळात सोयाबीन-कापसाच्या शेतातली रोजची मजुरी मागच्या वर्षीपेक्षा वर गेली की खाली. हे चार आकडे गावनिहाय जमवले तर पुढच्या दिवाळीनंतर नाक्यावर किती नवे चेहरे दिसतील, याचा अंदाज आधीच बांधता येईल.