‘नाही’ कुठे ठेवावे? प्रश्न आणि नकार घडविण्याचा सराव



वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारातील दाणाबंदरात वा मसाला बाजारात ज्यांचे गाळे आहेत, त्यांच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी मराठीशी प्रथमच परिचय करून घेत असते. कधी राजस्थानातून आलेला पुतण्या पेढीवर बसू लागतो, कधी गुजरातेतून सून येते. चार-सहा महिन्यांत शब्द कानावर पडून पाठ होतात. पोते, गोणी, भाव, उधारी, पावती यांत कोणी अडत नाही. अडते ते दोन ठिकाणी: प्रश्न विचारताना आणि नकार देताना. या लेखात त्या दोन अडचणी आणि त्यांवरील एक जुना, साधा उपाय यांचा विचार करू.

अडचणीचे मूळ असे की हिंदीत ‘नहीं’ किंवा ‘मत’ हा शब्द वाक्यात बसविला की बहुधा काम भागते. ‘गाडी आएगी’ याचे ‘गाडी नहीं आएगी’ होते. क्रियापद जसेच्या तसे राहते. मराठीत तसे होत नाही. येथे नकार येताच क्रियापद बहुधा आपले रूप पालटते. ‘गाडी येईल’ याचा नकार ‘गाडी येणार नाही’ असा होतो. ज्याने हे रूपांतर जिभेवर बसविलेले नाही, तो ‘गाडी नाही येईल’ असे म्हणून मोकळा होतो. ऐकणारा अर्थ ओळखतो, म्हणून बोलणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही.

पण काही चुका एवढ्यावर थांबत नाहीत. पेढीवर माल चढविणारे-उतरविणारे माथाडी कामगार बहुतांशी सातारा, सांगली, पुणे या भागांतील आहेत. गाडीपाशी गलबला चालू असतो. अशा वेळी नवखा मुलगा हिंदीतील ‘उतारो मत’ मनात धरून ‘माल उतरवा नाही’ असे ओरडतो. कामगाराच्या कानी ‘माल उतरवा’ एवढे स्पष्ट पडते आणि शेपटीचे ‘नाही’ गोंगाटात विरते. ज्या मुगाची गाडी परत पाठवायची होती, तिची पोती फलाटावर येऊन पडतात. मराठी वाक्य आहे ‘माल उतरवू नका’. यात ‘नका’ ऐकू आले नाही, तरी ‘उतरवा’च्या जागी ‘उतरवू’ ऐकताच मराठी माणूस थबकतो. येथे नकाराची चाहूल क्रियापदच देते.

प्रश्नाचे दुखणे वेगळे आहे. हिंदीत ‘क्या’ आरंभी येते, म्हणून नवखा ‘काय गाडी आली?’ असे विचारतो. मराठीत होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नासाठी विधानाच्या शेवटी ‘का’ जोडावा लागतो: ‘गाडी आली का?’ परंतु हाच ‘का’ क्रियापदाच्या आधी आला की त्याचा अर्थ ‘कशासाठी’ असा होतो. ‘आपण आलात का?’ हा साधा प्रश्न आहे. ‘आपण का आलात?’ हा जाब आहे. दारात आलेल्या पाहुण्याला नव्या सुनेने दुसरे वाक्य विचारले तर तिच्या मनात काही नसताना पाहुणा दुखावतो. एका शब्दाची जागा चुकल्याचा हा परिणाम आहे.

असे नियम समजावून सांगितले की समजतात, पण बोलताना आठवत नाहीत. या अनुभवातूनच रूपांतर-सरावाची पद्धत पुढे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिकांना थोड्या अवधीत परभाषा बोलावयास शिकविण्याची निकड निर्माण झाली आणि तोंडी सरावावर भर देणारे अभ्यासक्रम चालू झाले. मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्रीझ यांनीही इंग्रजीच्या अध्यापनासाठी वाक्यरचनांच्या सरावावर भर दिला. आपल्याकडे १९६९ मध्ये म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात डेक्कन महाविद्यालयाच्या परिसरात असून तेथे इतर राज्यांतील शिक्षकांना मराठी शिकविली जात आली आहे. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकी विदुषी मॅक्सिन बर्नसन यांनी जय निंबकर यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके सिद्ध केली, हेही येथे स्मरणीय आहे.

पद्धत अशी की शिकविणारा एक होकारार्थी वाक्य म्हणतो आणि शिकणारा तत्क्षणी त्याचा नकार किंवा प्रश्न करतो. ‘तत्क्षणी’ याला महत्त्व आहे. मनात तीन अंक मोजून होण्यापूर्वी उत्तर आले पाहिजे. विचार करायला सवड मिळाली की शिकणारा मनातल्या मनात आपल्या भाषेतून भाषांतर करतो आणि जी सवय मोडायची तीच पक्की होते.

समजा, पालीहून आलेला एकोणीस वर्षांचा पुतण्या आहे आणि त्याची काकी चांगली मराठी बोलते. रोज दहा मिनिटे पुरेत. पहिल्या दिवशी केवळ वर्तमानकाळ घ्यावा. काकी म्हणेल ‘मी हिशेब लिहितो’. तो म्हणेल ‘मी हिशेब लिहीत नाही’. ‘तो माल पाठवतो’ याचे ‘तो माल पाठवत नाही’. ‘ते उधारी देतात’ याचे ‘ते उधारी देत नाहीत’. अशी आठ-दहा वाक्ये झाली की त्याला एक सोय आपसूक कळेल: ‘लिहितो’ आणि ‘लिहिते’ यांतला स्त्री-पुरुषभेद नकारात नाहीसा होतो, दोघांचेही ‘लिहीत नाही’ असेच होते. ‘ते’सोबत येणारे अनेकवचनी ‘नाहीत’ मात्र सांभाळायचे.

दुसऱ्या दिवशी भूतकाळ. हा सोपा आहे, कारण येथे क्रियापद बदलत नाही: ‘गाडी आली’, ‘गाडी आली नाही’, ‘पैसे आले’, ‘पैसे आले नाहीत’. तिसऱ्या दिवशी भविष्यकाळ: ‘गाडी येईल’, ‘गाडी येणार नाही’, ‘मी फोन करीन’, ‘मी फोन करणार नाही’. चौथ्या दिवशी आज्ञा आणि इच्छा: ‘पोती मोजा’, ‘पोती मोजू नका’, ‘मला पावती पाहिजे’, ‘मला पावती नको’. ‘नाही पाहिजे’ असे मुंबईत सर्रास ऐकू येते, पण ‘नको’ या एका शब्दात नेमका अर्थ असताना ते कशाला?

पाचव्या दिवशी खरी कसोटी. आता काकीने काळ उलटसुलट करावेत. ‘गाडी आली.’ ‘गाडी येते.’ ‘गाड्या येतील.’ ‘गाडी आणा.’ पहिल्या चार दिवसांत एकही चूक न करणारा मुलगा येथे ‘गाड्या येतील नाहीत’ असे म्हणण्याचा संभव आहे. याचा अर्थ, तो रोज एकच साचा पुढे ढकलत होता. क्रियापद ऐकून निवड करत नव्हता. अशा चुकीवर व्याकरण समजावू नये. ‘गाड्या येणार नाहीत’ हे शुद्ध वाक्य म्हणून दाखवावे, त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे, मध्ये दोन वेगळी वाक्ये घ्यावीत आणि पुन्हा त्याच वाक्याकडे यावे. या वेळी ते न अडखळता आले तर पुढे जावे.

प्रश्नांचा सरावही याच रीतीने होतो. आधी विधानाच्या शेवटी ‘का’ जोडावा. नंतर एका शब्दावर जोर देऊन वाक्य म्हणावे आणि त्या शब्दाचा प्रश्न करायला सांगावे. ‘गाडी उद्या येईल’, ‘गाडी केव्हा येईल?’ ‘माल लातूरहून आला’, ‘माल कुठून आला?’ ‘वीस पोती उतरली’, ‘किती पोती उतरली?’ येथे मराठी फार सरळ आहे: ज्या जागी उत्तर होते त्याच जागी प्रश्नाचा शब्द बसतो, बाकीचे वाक्य हलत नाही.

या पद्धतीची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. मुलाला ‘तो भुरकडतो’ असे अर्थहीन वाक्य दिले तरी तो ‘तो भुरकडत नाही’ असे अचूक उत्तर देईल. रूप बरोबर आणि अर्थाचा पत्ता नाही, हे या सरावात सहज घडते. अमेरिकेत १९६४ मध्ये विल्गा रिव्हर्स यांनी या पद्धतीची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला आणि नुसत्या यांत्रिक पाठांतरावर टीका होऊ लागली. म्हणून सहाव्या दिवसापासून उत्तर सत्य असण्याची अट घालावी. ‘आज गाडी आली का?’ या प्रश्नाचे उत्तर पेढीवर जे घडले असेल त्याप्रमाणेच द्यायचे. मग त्याला वाक्य समजून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आपल्या घरांत या दुसऱ्या टप्प्यासाठी जेवणासारखा विषय नाही, कारण तेथे नकाराच्या रूपावर नियम अवलंबून असतो. ‘मला कांदा नको’ म्हणजे आत्ता, या ताटात नको. ‘मी कांदा खात नाही’ म्हणजे कधीच नाही. वाढणाऱ्याला पहिले वाक्य सांगितले तर तो कांद्याची फोड बाजूला काढून तीच भाजी पुढे करील. दुसरे सांगितले तर तो दुसरी भाजी शोधील. त्याचप्रमाणे ‘यात कांदा नाही ना?’ असे विचारू नये. वाढणारा ‘हो’ म्हणाला तर ते ‘हो, नाही’ की ‘हो, आहे’, हे कळायला मार्ग नाही. ‘यात कांदा आहे का?’ असे विचारले की ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते आणि त्याचा एकच अर्थ होतो.

सराव केव्हा थांबवावा, याची खूण सोपी आहे. दहा मिनिटांत नव्हे, तर दिवसभराच्या व्यवहारात कान ठेवावा. घाईत, रागात, फोनवर बोलताना मुलाच्या तोंडून ‘येणार नाही’ आणि ‘उतरवू नका’ आपोआप बाहेर पडू लागले की त्या साच्याचे काम झाले. निवांतपणी शुद्ध आणि घाईत ‘नाही येईल’ असे होत असेल, तर त्या एका साच्याची दहा मिनिटे अजून आठवडाभर चालू ठेवावीत.